गोळ्यांचा पत्ता

असॉल्टक्यूब हा बंदुकीचा एक जुना, फुकट मिळणारा खेळ. त्याचा सोर्स कोड कुणालाही वाचता येतो आणि इंटरनेट नसले तरी संगणकाने चालवलेल्या बॉटांशी एकट्याने खेळता येतो. यातल्या असॉल्ट रायफलीच्या मॅगझिनमध्ये २० गोळ्या मावतात. त्या कधी संपूच नयेत असे वाटले, तर ट्रेनर लिहितात. ट्रेनर म्हणजे खेळ चालू असताना त्याच्या मेमरीत शिरून गोळ्यांचा आकडा पुन्हा पुन्हा २० करणारा छोटासा प्रोग्राम. (ऑनलाइन सामन्यात हेच केले तर ती समोरच्या माणसाची फसवणूक होते. तो विषय इथे नाही.) आकडा लिहिणे ही दोन ओळींची गोष्ट आहे. तो नेमका कुठे लिहायचा, यात सगळी मेख आहे.

पहिला शोध सोपा असतो. चीट इंजिन हा मेमरी स्कॅनर उघडायचा, खेळाच्या मेमरीत २० हा आकडा कुठे कुठे आहे ते विचारायचे. हजारो जागा निघतात. मग एक गोळी झाडायची आणि त्याच जागांपैकी आता १९ कुठे झाले ते विचारायचे. पुन्हा एक गोळी, पुन्हा शोध. चार-पाच फेऱ्यांत यादी एक-दोन पत्त्यांवर येते. तिथे २० लिहून आकडा गोठवला की रायफल थांबत नाही.

खेळ बंद करून पुन्हा सुरू केला की मात्र त्या पत्त्यावर भलतेच काहीतरी सापडते. कारण खेळाडूची सगळी माहिती, म्हणजे त्याची तब्येत, चिलखत, गोळ्या, नकाशावरची जागा, मेमरीच्या एका सलग तुकड्यात असते आणि तो तुकडा खेळ सुरू झाल्यावर ऑपरेटिंग सिस्टिमकडून मागून घेतला जातो. त्या क्षणी जिथे मोकळी जागा असेल तिथे तो मिळतो. उद्या दुसरीकडे मिळेल.

पण खेळालाही आपला खेळाडू रोज शोधावाच लागतो. त्यासाठी मुख्य फाइलच्या, म्हणजे `ac_client.exe` च्या पोटात एक ठरलेली जागा असते आणि तिच्यात खेळाडूच्या तुकड्याचा आजचा पत्ता लिहिलेला असतो. अशा जागेला पॉइंटर म्हणतात. ती फाइलच्या सुरुवातीपासून नेहमी तेवढ्याच अंतरावर असते, म्हणून ती स्टॅटिक. चीट इंजिन असे पत्ते हिरव्या रंगात दाखवते. अनोळखी गावात ‘मारुतीच्या देवळापाशी जा, तिथला पानवाला पाटलांचे घर दाखवील’ असे सांगतात, तसेच हे. घर बदलले तरी देऊळ हलत नाही. आवृत्ती १.२.०.२ मध्ये गोळ्यांपर्यंतची वाट अशी आहे:

```
[[[ac_client.exe+10F4F4]+374]+14]
```

हे आकडे सोळाच्या पायातले आहेत. चौकटी कंस म्हणजे ‘इथे लिहिलेला पत्ता वाच आणि तिकडे जा’. फाइलच्या सुरुवातीपासून 10F4F4 अंतरावर खेळाडूचा पत्ता मिळतो. त्या तुकड्यात 374, म्हणजे आपल्या हिशेबाने ८८४ बाइट पुढे गेले की हातातल्या शस्त्राचा पत्ता मिळतो. शस्त्राच्या तुकड्यात 14 पुढे मॅगझिनच्या आकड्याचा पत्ता असतो, आणि तिथे आपले २०. या प्रत्येक अंतराला ऑफसेट म्हणतात, आणि सगळी मिळून झाली पॉइंटर साखळी.

ही साखळी हाताने शोधता येते, पण बहुतेक जण पॉइंटर स्कॅन करतात. सापडलेल्या पत्त्यावर उजवी क्लिक करून `Pointer scan for this address` निवडले, की स्कॅनर उलट दिशेने निघतो. या पत्त्याच्या जरा मागचा पत्ता मेमरीत कुठे लिहिलेला आहे? ती जागा कुणाला माहीत आहे? असे करत तो एखाद्या स्टॅटिक जागेपर्यंत पोहोचतो. किती पायऱ्या मागे जायचे आणि प्रत्येक पायरीला किती मोठा ऑफसेट चालेल, हे आपण सांगायचे. दोन्ही आकडे सैल सोडले तर लाखो साखळ्या हाती येतात, आणि त्यांतल्या बहुतेक योगायोगाने जुळलेल्या असतात.

म्हणून यादी जपून ठेवायची, खेळ पुन्हा सुरू करायचा, गोळ्यांचा नवा पत्ता शोधायचा आणि स्कॅनरला सांगायचे की या नव्या पत्त्यापर्यंत न पोहोचणाऱ्या साखळ्या काढून टाक. हे दोन-तीनदा करावे, मधे एकदा संगणकही बंद करून चालू करावा, दुसरा नकाशा उघडून पाहावा. यादी भराभर आटते. ज्या साखळ्या `THREADSTACK0` पासून सुरू होतात त्या मी पहिल्याच फटक्यात उडवतो. तो चालू कामाचा तात्पुरता फळा आहे, काही वेळ टिकतो आणि मग दगा देतो.

एवढे करूनही काही साखळ्या उरतात, आणि त्या सगळ्या खऱ्या असतात. नवशिका इथे चुकतो. सोर्स कोड वाचला तर कारण कळते. शस्त्राच्या तुकड्यात चार-चार बाइटांच्या गोष्टी क्रमाने मांडल्या आहेत: आधी शस्त्राच्या फंक्शनांच्या तक्त्याचा पत्ता, मग शस्त्राचा प्रकार, मग मालक, मग शस्त्राच्या माहितीचा पत्ता, मग राखीव गोळ्यांचा पत्ता आणि त्यानंतर मॅगझिनचा. मॅगझिनच्या आधी पाच गोष्टी, म्हणजे २० बाइट. सोळाच्या पायात 14. ऑफसेट असा मोजून जुळला की साखळी कळली म्हणायची. आता तिसरी गोष्ट पाहा: मालक. म्हणजे शस्त्र उलट खेळाडूचा पत्ता बाळगून आहे. त्यामुळे खेळाडूकडून शस्त्राकडे, शस्त्राकडून परत खेळाडूकडे अशा कितीही घिरट्या घालून स्कॅनर तीच वाट नव्याने दाखवू शकतो. प्रत्येक साखळी कितीही वेळा तपासा, खरीच ठरेल. आणि प्रत्येक जादा घिरटी म्हणजे मोडू शकणारे जादा सांधे. घिरट्या वगळण्याचा पर्याय स्कॅनरमध्ये असतो, तो चालू ठेवावा.

मग सर्वात आखूड साखळी घ्यावी का? तसेही नाही. असॉल्ट रायफलीच्या गोळ्यांचा आकडा प्रत्यक्षात खेळाडूच्याच तुकड्यात 150 अंतरावर असतो. शस्त्र फक्त त्याकडे बोट दाखवते. म्हणजे `[ac_client.exe+10F4F4]+150` एवढ्यावर काम भागते, आणि रायफल हातात असेपर्यंत दोन्ही साखळ्या एकाच जागी पोहोचतात. पिस्तूल काढले की फरक पडतो. लांब साखळी आता पिस्तुलाच्या गोळ्या दाखवते, आखूड साखळी रायफलीच्याच. ट्रेनरने हातातल्या प्रत्येक शस्त्राला गोळ्या पुरवायच्या असतील तर लांब हवी. पुन्हा सुरू करण्याच्या चाचणीत हा फरक दिसतच नाही, म्हणून शस्त्र बदलून पाहणे ही वेगळी चाचणी करावीच लागते.

आता खेळाची नवी आवृत्ती येते. अद्ययावत होताना नुसते नकाशे किंवा चित्रे बदलली तर मुख्य फाइल तीच राहते आणि काही बिघडत नाही. फाइल नव्याने बांधली गेली की गोष्ट वेगळी. असॉल्टक्यूबच्या १.३.०.२ मध्ये तीच वाट अशी झाली:

```
[[[ac_client.exe+17E0A8]+364]+14]
```

पहिला आकडा पूर्ण बदलला, कारण फाइलमध्ये कोड आणि माहिती वाढली की आतल्या स्टॅटिक जागा सरकतात. तो जवळजवळ दर वेळी बदलतो. पुन्हा सुरू करण्याच्या कितीही चाचण्या पार केलेल्या साखळीचाही. 374 चे 364 झाले, म्हणजे खेळाडूच्या तुकड्यात शस्त्राच्या आधीची १६ बाइटे गेली. रायफलीचे 150 सुद्धा 140 झाले, तेही १६ बाइटांनीच मागे आले. तब्येतीचा ऑफसेट मात्र F8 वरून EC झाला, म्हणजे १२ बाइटे. यावरून कळते की १२ बाइटे तब्येतीच्या आधी कमी झाली आणि उरलेली चार तब्येत व गोळ्या यांच्यामध्ये. एकाच तुकड्यातले दोन ऑफसेट सापडले की मधल्यांचा अंदाज असा बांधता येतो. आणि 14 जागचा हलला नाही, कारण शस्त्राच्या मांडणीला कुणी हात लावला नाही.

तेव्हा दर आवृत्तीला नवा आकडा शोधायचा नसेल तर आकड्याऐवजी कोड शोधावा लागतो. गोळ्यांच्या पत्त्यावर `Find out what writes to this address` लावून एक गोळी झाडली, की आकडा कमी करणारी सूचना पकडली जाते. १.२.०.२ मध्ये ती आणि तिच्या आधीची सूचना अशा:

```
8B 76 14    mov esi,[esi+14]
FF 0E       dec [esi]
```

आपले 14 इथे उघड दिसते. या बाइटांचा ठसा फाइलमध्ये शोधला की सूचना कुठेही सरकलेली असली तरी सापडते. खेळाडूच्या स्टॅटिक जागेचेही तसेच. ती वाचणाऱ्या सूचनेतच तिचा पत्ता लिहिलेला असतो, उलट्या क्रमाने `F4 F4 50 00`, कारण फाइल 400000 वर बसते आणि त्यात 10F4F4 मिळवले की 50F4F4. ठशात या चार बाइटांच्या जागी ‘काहीही चालेल’ म्हणून `??` लिहायचे, ठसा सापडला की तिथली चार बाइटे वाचायची. मग खेळच ट्रेनरला नवा पत्ता सांगतो. ६४ बिटी खेळांत तिथे पूर्ण पत्ता नसून पुढच्या सूचनेपासूनचे अंतर असते, ते मिळवावे लागते.

ठसाही अमर नसतो. १.३.०.२ मध्ये याच दोन सूचना `8B 46 14` आणि `FF 08` झाल्या आहेत. काम तेच, पण कंपायलरने `esi` ऐवजी `eax` हे रजिस्टर वापरले आणि अचूक पाच बाइटे शोधणारा ट्रेनर फसला. रजिस्टरची बाइटे सैल सोडून `8B ?? 14 FF ??` शोधले तर दोन्ही आवृत्त्यांत जुळते, पण इतका आखूड सैल ठसा इतरत्रही जुळू शकतो. म्हणून आजूबाजूच्या आणखी सूचना घेऊन तो लांब करायचा आणि संपूर्ण फाइलमध्ये एकदाच सापडतो याची खात्री करायची. दोन ठिकाणी सापडला तर तो निरुपयोगी.

राहिला 374 सारखा मधला ऑफसेट. तो ज्या सूचनेत येतो तिचाही ठसा घेता येतो. ते जमले नाही तरी ट्रेनरने निदान चूक ओळखावी, कारण चुकीच्या जागी २० लिहिले तर खेळ कोसळतो किंवा, त्याहून वाईट, न कोसळता बिघडत राहतो. यासाठी मघाचा मालक कामी येतो. साखळीने सापडलेल्या शस्त्राच्या तुकड्यात 8 अंतरावर खेळाडूचाच पत्ता असला पाहिजे. तो जुळला नाही तर ऑफसेट बदलला आहे असे समजून ट्रेनरने काहीही न लिहिता थांबावे आणि तसे सांगावे. स्वतःचा ट्रेनर लिहिणार असाल तर ही तपासणी पहिल्या दिवशीच घाला आणि प्रत्येक ऑफसेटपुढे तो कशाचा आहे हे लिहून ठेवा. नुसत्या आकड्यांची यादी पुढच्या आवृत्तीला उपयोगी पडत नाही.