तळून उरलेले तेल

दिवाळीचा फराळ डब्यांत भरून झाला की कढईत लिटरभर तेल उरते. ते फेकून द्यायला जीव होत नाही, आणि पुन्हा वापरावे तर मनात शंका येते. बहुतेक घरांत त्यावर दोनच उपाय ठरलेले असतात. कुणी ते महिनाभर पुरवून पुरवून वापरते, तर कुणी एकदा तळले की सगळे टाकून देते. खरे तर तेल किती वेळा चालेल हे ते पहिल्यांदा तापवताना आपण कसे वागलो आणि नंतर ते कसे गाळले, यावर ठरते.

तापलेल्या तेलात तीन गोष्टी एकाच वेळी घडत असतात. पदार्थातल्या पाण्याची वाफ होऊन बुडबुडे येतात. जाता जाता हे पाणी तेलाचे थोडे थोडे विघटन करते आणि त्यातून आम्ले सुटी होतात. आम्ले वाढली की तेल कमी आचेवरच धुरकटू लागते. दुसरीकडे वरून लागणाऱ्या हवेतला प्राणवायू तेलाशी जोडला जातो. खवटपणाचे मूळ यात आहे. तिसरे म्हणजे बराच वेळ तापल्यावर तेलाचे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, तेल दाट होते आणि कढईच्या कडांना पिवळट-तपकिरी चिकट किटण धरते. घासून घासून हात दुखतात तरी जात नाही, ते हेच. या तिन्ही क्रियांना वेग देणारी आणखी एक गोष्ट कढईच्या तळाशी असते. ती म्हणजे चुरा. पिठाचे सुटलेले कण पुन्हा पुन्हा तळले जातात, काळे पडतात आणि आपला कडवटपणा तेलाला देतात.

दीड लिटर रिफाइंड शेंगदाणा तेल आणि दोन दिवसांचे तळण, असा हिशोब धरू. पहिल्या दिवशी करंज्या आणि शंकरपाळी, दुसऱ्या दिवशी चकली आणि शेव. गोड आधी, तिखट नंतर हा क्रम केवळ वासासाठी नाही. चकलीच्या भाजणीचा आणि शेवेच्या बेसनाचा बारीक चुरा तेलात सर्वांत जास्त राहतो, म्हणून त्यांची पाळी शेवटी. करंजीची मात्र काळजी घ्यावी लागते. एक करंजी जरी फुटली तरी खोबरे आणि साखर तळाशी जळतात आणि पुढचा सगळा घाणा काळसर होतो. कड नीट दाबून, कातण फिरवून बंद केलेली करंजी तेल वाचवते. शंकरपाळीतही साखर असतेच, म्हणून ती मंद आचेवर तळायची. प्रत्येक घाण्यानंतर बारीक जाळीच्या झाऱ्याने कण काढून टाकले तर अर्धे काम तिथेच होते.

माझ्या मते तेल सर्वांत जास्त खराब होते ते तळताना नव्हे, तर वाट पाहताना. एकटी बाई सोऱ्यातून चकल्या पाडते, कढई गॅसवर तशीच असते आणि रिकामे तेल तापत राहते. पदार्थ आत असला की तेलाची उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. तो नसला की आच थेट तेलालाच लागते. म्हणून दोन घाण्यांच्या चकल्या आधी पाडून कागदावर तयार ठेवाव्यात आणि मगच तेल तापवावे. मध्ये खंड पडला तर गॅस बंद करावा. तेलाला धूर येईपर्यंत कधीच जाऊ नये. डोळ्यांना झोंबणारा तो धूर म्हणजे तेल मोडत असल्याची खूण. पिठाची गोळी टाकून पाहावी. ती तळाला जाऊन भोवती बुडबुडे धरत सावकाश वर आली तर आच बरोबर आहे. पडताक्षणी वर येऊन लाल झाली तर तेल जास्त तापले आहे.

पसरट कढईपेक्षा खोलगट, तोंडाने अरुंद कढई बरी, कारण हवेला कमी पृष्ठभाग मिळतो. तांबे आणि लोखंड हे दोन्ही धातू तेलाचा खवटपणा वाढवतात. लोखंडी कढईत तळायला हरकत नाही, पण त्यात तेल रात्रभर ठेवू नये. मीठ पदार्थावर घालायचे तेही कढईपासून दूर, ताटात. ओला झारा तर तेलात जाताच कामा नये.

आता गाळण्याकडे येऊ. गरम तेल गाळायची घाई धोक्याची असते, आणि पूर्ण गार तेल कपड्यातून लवकर उतरत नाही. कढईला बाहेरून हात लावता येईल इतकी ती निवाली की वेळ योग्य समजावी. तोपर्यंत कढई हलवू नये, कारण चुरा खाली बसत असतो. स्टीलच्या गाळणीवर स्वच्छ धुतलेला आणि खडखडीत वाळलेला मलमलचा कपडा दोन पदरी ठेवावा. कपडा दमट असेल तर पाणी तेलात जाते आणि ते पुढे आम्लांचे काम सोपे करते. मग तेल संथ धारेने ओतायचे आणि तळाचे दोन-तीन चमचे गाळासकट कढईतच सोडून द्यायचे. ते वाचवण्याच्या मोहात बाकीचे सगळे तेल बिघडते. कपडा पिळूही नये. पिळला की अडकलेले बारीक पीठ पुन्हा खाली उतरते. नुसत्या चहाच्या गाळणीने मोठा चुरा अडतो, पीठ अडत नाही. गाळलेले तेल रात्रभर झाकून ठेवले तर सकाळी तळाशी पुन्हा पातळसा साका दिसतो. वरचे तेल अलगद दुसऱ्या भांड्यात काढले की काम झाले.

गाळण्याची मर्यादाही इथेच सांगायला हवी. कपड्याने कण निघतात. तेलात विरघळलेली आम्ले, खवटपणा आणि दाट झालेला भाग कपड्यात अडत नाही. बटाट्याचे काप तळून तेल शुद्ध होते असे अनेक घरांत मानतात. कापांना काही कण चिकटून येतात आणि वास थोडा कमी वाटतो, इतकेच. बिघडलेले तेल त्याने सुधारत नाही.

गाळलेले तेल घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, अंधाऱ्या आणि थंड जागी ठेवावे. डबा शक्यतो भरलेला असावा, म्हणजे आत हवा कमी राहते. गॅसशेजारच्या कट्ट्यावर उघडे भांडे ठेवण्याची सवय तेलाला फार वाईट. फ्रिजमध्ये शेंगदाणा तेल गढूळ आणि घट्ट दिसते. तो बिघाड नाही. बाहेर काढले की ते पुन्हा पातळ होते.

आपल्या दीड लिटरचे पुढे काय? पहिल्या दिवशी तळून झाल्यावर तेल गाळले आणि दुसऱ्या दिवशी त्यातच चकली-शेव तळली. दुसऱ्या दिवशीचा घाणा बहुधा पहिल्यापेक्षा छान रंगतो. अगदी कोऱ्या तेलात पहिला घाणा फिकट येतो, आणि थोडे वापरलेले तेल पदार्थाला नीट लागते. पण चांगले तळण देणारा हा काळ लहान असतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा गाळून जे लिटरभर उरेल, ते मी तिसऱ्यांदा कढईभर तळणासाठी वापरत नाही. ते भाजीच्या फोडणीला आणि पराठ्याला, आठ-दहा दिवसांत संपवून टाकायचे. फोडणीला तेल थोडे लागते, थोडा वेळच तापते आणि लगेच पोटात जाते, पुन्हा डब्यात परतत नाही. घरगुती तळणाला दोनदा ही मर्यादा मला योग्य वाटते. तिसरी वेळ ही कमाल समजावी, तीही सगळ्या खुणा तपासून. सूर्यफूल, सोयाबीन किंवा करडईचे तेल असेल तर आणखी लवकर थांबावे, कारण ही तेले प्राणवायूला शेंगदाण्यापेक्षा लवकर बळी पडतात, म्हणजे हवा लागून लवकर खवट होतात. घाण्याचे तेल मुळातच कमी आचेवर धुरकटते, ते पुन्हा पुन्हा तळणासाठी नाहीच. सुरमई किंवा बांगडा तळलेले तेल फक्त माशांसाठीच, आणि तेही दुसऱ्या दिवशीपर्यंत. रव्याचा चुरा, मसाला आणि पाणी यांमुळे ते झपाट्याने बिघडते.

खुणांपैकी रंगावर सर्वांत कमी विसंबावे. तिखट-हळदीने चांगले तेलही लालसर होते, आणि फिकट दिसणारे सूर्यफूल तेल खवट झालेले असू शकते. फेस मात्र खरे सांगतो. पदार्थ टाकल्यावर येणारे मोठे बुडबुडे हे पाण्याचे असतात आणि पदार्थ तळला गेला की विरतात. तेल बिघडले की बारीक, दाट फेस येतो, कढईच्या कडांपर्यंत चढतो आणि पदार्थ काढल्यावरही जात नाही. दुसरी खूण धुराची. पूर्वी ज्या आचेवर हे तेल शांत असायचे त्याच आचेवर धूर दिसला तर ते मोडले आहे. तिसरी खूण बोटांना कळते. गार तेलाचा थेंब दोन बोटांत चोळला की चिकट, ओढल्यासारखा लागतो, आणि पळीवरून ते दाट धारेने पडते. वास घ्यायचा तो चमचाभर तेल किंचित कोमट करून, कारण गार तेलाचा खवटपणा नाकाला चटकन कळत नाही. जुन्या दाण्यांचा, रंगाच्या डब्याचा किंवा माशासारखा वास आला तर ते टाकावे. शेवटची खूण ताटातली आहे. भजी तेलकट होतात, टिपकागद भिजून जातो आणि घशाला खवखव होते, कारण बिघडलेले तेल पदार्थात जास्त मुरते. यांपैकी एक खूण जरी पक्की दिसली तरी पुरे. अशा तेलात नवे तेल ओतून ते सावरता येत नाही. उलट जुन्याच्या संगतीने नवेही लवकर खवट होते.

हॉटेलांसाठी यावर नियम आहे. तळताना तेलात तयार होणाऱ्या अशा टाकाऊ घटकांना ध्रुवीय संयुगे म्हणतात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांहून जास्त झालेले तेल वापरू नये, अशी मर्यादा एफएसएसएआयने घातली असून ती १ जुलै २०१८ पासून लागू आहे. ते मोजायची यंत्रे मिळतात. त्याच वर्षी वापरलेले तेल गोळा करून त्यापासून बायोडिझेल बनवण्याची ‘रुको’ योजना सुरू झाली. मोठ्या उपाहारगृहांचे टाकाऊ तेल स्वस्तात विकले जाऊन पुन्हा खाण्यात येऊ नये, हा तिचा हेतू. घरातही हाच नियम पाळावा. जे तेल आपण स्वतः खाणार नाही, ते कामाला येणाऱ्या मावशींना किंवा कोपऱ्यावरच्या गाडीवाल्याला देऊ नये.

टाकायचे तेल मोरीत ओतू नये. पाइपात ते थंड होऊन बसते, अन्नाचे कण त्याला चिकटतात आणि मोरी तुंबते. तेल जास्त असेल तर पूर्ण गार करून प्लॅस्टिकच्या बाटलीत भरावे, झाकण घट्ट लावावे आणि शहरात वापरलेले तेल नेणारी संस्था असेल तर तिच्याकडे द्यावे. थोडेच असेल तर जुन्या वर्तमानपत्राच्या बोळ्यांत किंवा लाकडाच्या भुशात जिरवून पिशवीत बांधून सुक्या कचऱ्यात टाकावे. कढई आधी कागदाने पुसून घ्यावी आणि मगच घासायला टाकावी.