फुगतो एक पट्टा, अडतं दुसरीकडेच

सहा डेव्हलपर आणि दोन टेस्टर असलेली एक सॉफ्टवेअर टीम डोळ्यांसमोर आणा. दर आठवड्याला ही टीम चार कामं पूर्ण करून ग्राहकाला देते. मागच्या महिन्यातही आठवड्याला चारच होत होती, याही महिन्यात चारच होतात. अहवाल नीटनेटका दिसतो. तरीही ग्राहकाची कुरकूर वाढत चालली आहे, कारण पूर्वी दोन आठवड्यांत मिळणारं काम आता महिना उलटला तरी हाती येत नाही. आठवड्याच्या आकड्यांत याचं उत्तर सापडत नाही. क्युम्युलेटिव्ह फ्लो डायग्रॅम नावाच्या एका रंगीत आलेखात मात्र ते सापडतं. टीममध्ये त्याला सरळ सीएफडी म्हणतात.

कानबान पद्धतीत प्रत्येक कामाचं एक कार्ड असतं आणि ते फळ्यावरच्या एकेका रकान्यातून पुढे सरकतं. आपल्या उदाहरणात तीन रकाने धरू: डेव्हलपमेंट, टेस्टिंग आणि पूर्ण. सीएफडी काढायला रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी प्रत्येक रकान्यात किती कार्डं आहेत ते मोजायचं आणि ते आकडे एकावर एक रचायचे. सगळ्यात खाली पूर्ण, त्यावर टेस्टिंग, त्यावर डेव्हलपमेंट. तारखा डावीकडून उजवीकडे जातात. काही आठवड्यांत तिरके वर चढणारे रंगीत पट्टे तयार होतात. जिरासारखी सॉफ्टवेअर हा आलेख आपोआप काढून देतात, पण स्प्रेडशीटमध्येही तो सहज निघतो.

आलेख वाचताना पट्ट्यांच्या रंगापेक्षा त्यांच्या कडांकडे लक्ष द्यायचं. पट्ट्याची वरची कड म्हणजे त्या टप्प्यात आजवर आत आलेली एकूण कार्डं आणि खालची कड म्हणजे तिथून बाहेर पडलेली एकूण कार्डं. दोन्ही कडा समांतर चढत असतील, तर जितकं आत येतंय तितकंच बाहेर जातंय. वरची कड अधिक उभी असेल तर पट्टा रुंदावतो, म्हणजे त्या टप्प्यात कामं साचू लागली आहेत. कुठल्याही दिवशी पट्ट्याची उभी जाडी मोजली की त्या दिवशी तिथे किती कार्डं पडून होती ते कळतं. सगळ्यात वरच्या कडेपासून ‘पूर्ण’च्या कडेपर्यंत आडवं अंतर मोजलं, तर एका कामाला सुरुवातीपासून शेवटापर्यंत साधारण किती वेळ लागला ते कळतं.

आता आपल्या टीमचे आकडे पाहू. डेव्हलपर आठवड्याला सहा कामं सुरू करतात आणि सहांचं कोडिंग संपवतात. टेस्टरकडून आठवड्याला चारच कामं होतात, कारण एका कार्डाला एका टेस्टरचे अडीच दिवस जातात. दोघेही शिस्तीचे आहेत. हातातलं कार्ड संपल्याशिवाय ते पुढचं उचलत नाहीत. त्यामुळे टेस्टिंगच्या रकान्यात नेहमी दोनच कार्डं दिसतात. सुरुवातीला डेव्हलपमेंटमध्ये सहा कार्डं होती. सहा आत आणि चार बाहेर या हिशेबाने तिथे दर आठवड्याला दोनांची भर पडत गेली आणि सहा आठवड्यांनी ती अठरा झाली.

आलेखात काय दिसेल? डेव्हलपमेंटचा पट्टा तिप्पट फुगलेला आणि टेस्टिंगचा पट्टा पहिल्या दिवशी होता तितकाच सडपातळ. बहुतेक व्यवस्थापक इथे हमखास फसतात. फुगलेला पट्टा डेव्हलपमेंटचा आहे, म्हणजे डेव्हलपर कमी पडताहेत, असं वाटतं आणि आणखी एक डेव्हलपर घेतला जातो. आता आठवड्याला सात कामं सुरू होतात, टेस्टिंगमधून चारच सुटतात आणि पट्टा आठवड्याला दोनऐवजी तीन कार्डांनी फुगू लागतो. पगार वाढला, रांगही वाढली, ग्राहकाच्या हाती मात्र जास्तीचं एकही काम पडलं नाही.

खालापूरच्या टोलनाक्यावर गाड्यांची रांग रस्त्यावर लागते, खिडकीत नाही. खिडकीसमोर एका वेळी एकच गाडी असते. रांग लागली म्हणून कुणी रस्ता रुंद करायला निघत नाही. सीएफडीतही फुगलेला पट्टा रांग कुठे उभी आहे एवढंच सांगतो. ती कुणामुळे उभी आहे हे शोधायला त्या पट्ट्याच्या खालच्या कडेकडे, म्हणजे पुढच्या टप्प्याकडे पाहावं लागतं. पुढच्या टप्प्याचा पट्टा बारीक असेल आणि त्याच्या दोन्ही कडा तितक्याच संथपणे चढत असतील, तर संशय आधी तिथेच घ्यावा.

संशयाची खात्री करून घ्यायचा मार्ग अगदी साधा आहे. डेव्हलपमेंटचा रकाना दोन भागांत तोडायचा: ‘कोडिंग चालू’ आणि ‘टेस्टिंगच्या प्रतीक्षेत’. आपल्या टीमने असं केलं तर अठरापैकी सहाच कार्डांवर खरोखर काम चालू आहे आणि उरलेली बारा नुसती पडून आहेत हे त्याच दिवशी कळेल. पुढच्या आलेखात ‘कोडिंग चालू’चा पट्टा सरळ आणि स्थिर येईल आणि प्रतीक्षेचा पट्टा एकटाच फुगत जाईल. म्हणून माझं ठाम मत आहे की ज्या फळ्यावर दोन टप्प्यांच्या मध्ये प्रतीक्षेचा रकाना नाही, त्या फळ्याच्या सीएफडीवरून कुणालाही दोष देऊ नये. काम करणं आणि काम पडून राहणं एकाच रंगात रंगवलं, तर आलेख चुकीच्या माणसाकडे बोट दाखवतो.

ग्राहकाच्या कुरकुरीचं गणितही याच आलेखात आहे. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला रांगांचा एक नियम सांगतो की, व्यवस्था स्थिर असेल तर आत असलेल्या कामांच्या संख्येला दर आठवड्याला पूर्ण होणाऱ्या कामांनी भागलं की एका कामाला लागणारा सरासरी वेळ मिळतो. सुरुवातीला आत आठ कार्डं होती, आठवड्याला चार सुटत होती, म्हणजे नव्या कार्डाला दोन आठवडे. सहा आठवड्यांनी आत वीस कार्डं आहेत आणि सुटतात अजूनही चारच. आज आत शिरणारं कार्ड क्रमाने पुढे गेलं तरी पाच आठवड्यांनी बाहेर पडेल.

आज पूर्ण झालेलं कार्ड किती दिवसांपूर्वी सुरू झालं होतं ते विचारलं, तर उत्तर सव्वातीन आठवड्यांच्या आसपास येतं. ते कार्ड आत शिरलं तेव्हा रांग आखूड होती. म्हणजे पूर्ण झालेल्या कामांची सरासरी नेहमी जुनी बातमी देते, आणि पट्टा फुगत असताना ती खऱ्यापेक्षा बरी बातमी देते. ग्राहकाला तारीख सांगताना या सरासरीवर विसंबलं की शब्द मोडतो. पट्ट्याची आजची जाडी पुढे येणारा उशीर आधीच सांगत असते.

आता उपाय. टेस्टरच्या अडीच दिवसांपैकी अर्धा दिवस चाचणीसाठी लागणारा डेटा तयार करण्यात जातो असं समजू. हे काम टेस्टरनेच करावं असा काही नियम नाही. टीमने ठरवलं की सध्या आठवड्याला तीनच नवी कामं सुरू करायची आणि मोकळ्या झालेल्या डेव्हलपरांनी डेटा आपोआप तयार करणारी स्क्रिप्ट लिहायची. एका कार्डाला दोन दिवस पुरू लागले, म्हणजे दोन टेस्टरकडून आठवड्याला पाच कामं होऊ लागली. तीन आत, पाच बाहेर, म्हणजे वीस कार्डं सहा आठवड्यांत पुन्हा आठवर येतात. त्यानंतर डेव्हलपमेंटच्या दोन्ही भागांत मिळून सहापेक्षा जास्त कार्डं ठेवायची नाहीत अशी मर्यादा घातली, तर डेव्हलपमेंटमधून पाचच कामं पुढे सरकतात आणि कडा समांतर राहतात. आठ भागिले पाच म्हणजे कामाचे आठ दिवस. एकही माणूस न वाढवता पाच आठवड्यांचे आठ दिवस झाले. यातली अवघड गोष्ट स्क्रिप्ट लिहिणं नाही. सहा डेव्हलपरांना क्षमता असूनही कमी कामं सुरू करायला सांगणं हे अवघड असतं, आणि ते पटवायला फुगलेल्या पट्ट्याचं चित्र फार उपयोगी पडतं.

पण फळ्यावर कार्डच नसलेलं काम सीएफडीला दिसत नाही. सॉफ्टवेअरमधल्या कानबानची जी सुरुवातीची गोष्ट सांगितली जाते, तीच याचं उत्तम उदाहरण आहे. सीएफडी सॉफ्टवेअरच्या जगात रुजवण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, ते डेव्हिड अँडरसन 2004 मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये होते. तिथल्या एका देखभाल टीमचे व्यवस्थापक ड्रागोस दुमित्रिऊ यांनी त्यांची मदत घेतली. टीमचे तीन डेव्हलपर आणि तीन टेस्टर हैदराबादला एका कंत्राटी कंपनीत बसत. ऐंशीहून अधिक कामं रांगेत होती आणि एका कामाला सरासरी पाच महिने लागत होते. माणसं कामसू होती. खरं कारण असं निघालं की, कुठलीही नवी मागणी आली की 48 तासांत तिला किती वेळ लागेल याचा अंदाज द्यावा लागे आणि त्यात एका डेव्हलपरचा आणि एका टेस्टरचा जवळपास एकेक दिवस जाई. टीमची एक तृतीयांश किंवा त्याहूनही अधिक ताकद या अंदाजांत खर्च होत होती आणि अंदाज दिलेली बरीच कामं कधी हाती घेतलीच जात नव्हती. अंदाज देणं थांबलं, हातातल्या कामांवर मर्यादा आली, आणि नऊ महिन्यांत ती टीम विभागात सर्वात मागची होती ती सर्वात पुढे आली. डेव्हलपमेंटपाशी का अडतंय हे अशा वेळी नुसता आलेख सांगू शकत नाही. तिथली माणसं दिवसभर काय करतात ते जाऊन विचारावं लागतं.

काही फुगवटे बॉटलनेक नसतात, हेही ओळखता यायला हवं. दिवाळीच्या आठवड्यात निम्मी टीम सुट्टीवर गेली की एखादा पट्टा फुगतो, पण नंतर कडा पुन्हा समांतर होतात आणि फुगवटा ओसरतो. महिन्यातून एकदाच रिलीज होत असेल तर ‘पूर्ण’ची कड पायऱ्यांसारखी दिसते आणि तिच्या वरचा पट्टा फुगून दर महिन्याला रिकामा होतो. तिथे अडथळा रिलीजच्या वेळापत्रकात आहे, माणसांत नाही. एखादी कड खाली उतरताना दिसली तर कार्डं उलट्या दिशेने मागच्या रकान्यात नेली जात आहेत किंवा पुसली जात आहेत. आजवर आत आलेल्या कार्डांची एकूण संख्या घटू शकत नाही, त्यामुळे अशा आलेखाच्या जाड्या मोजण्याआधी नोंदी सुधाराव्या लागतात.

आणि पट्टा अजिबात फुगला नाही तरी आत सगळं ठीक असेलच असं नाही. टेस्टिंगमधल्या दोन कार्डांपैकी एक महिनाभर तिथेच खिळलेलं असू शकतं आणि दुसऱ्याच्या जागी कार्डं येत-जात राहू शकतात. जाडी दोनच राहील. आलेख कार्डं मोजतो, त्यांची ओळख ठेवत नाही. म्हणून प्रत्येक कार्डावर ते त्या रकान्यात कधी आलं ती तारीख लिहितात आणि रोजच्या बैठकीत सर्वात जुन्या कार्डापासून बोलायला सुरुवात करतात.