म्हाताऱ्या कुत्र्याचं सुटलेलं पोट: गैरसमज आणि वस्तुस्थिती

औंधसारख्या गावात आठ-दहा वर्षांच्या कुत्र्याचं पोट सुटलं, तो पाण्याच्या भांड्यावरून हलेनासा झाला, तर ‘वय झालं त्याचं’ म्हणून विषय संपतो. पण यामागे कुशिंगचा आजार असू शकतो. मूत्रपिंडांजवळच्या छोट्या अधिवृक्क ग्रंथी गरजेपेक्षा जास्त कॉर्टिसॉल सोडत राहतात, तो हा आजार. दहापैकी आठ-साडेआठ रुग्णांत मूळ दोष मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतल्या बारीक गाठीत असतो. ती गाठ या ग्रंथींना सतत कामाला लावते. उरलेल्यांत अधिवृक्क ग्रंथीलाच गाठ असते.

गैरसमज: पोट सुटलं म्हणजे चरबी किंवा जंत.

वस्तुस्थिती: लठ्ठ कुत्रा अंगभर जाड होतो. इथे मात्र पोट लोंबतं आणि पाठीचा कणा हाताला लागतो, मांड्या बारीक होतात. जादा कॉर्टिसॉलमुळे पोटाचे स्नायू ढिले पडतात, यकृत सुजतं आणि चरबी पोटात साठते. पोटाची कातडी पातळ होऊन तिच्यातून शिरा दिसू लागतात. पाठीवरचे, कुशीवरचे केस दोन्ही बाजूंनी सारखेच विरळ होतात, पण डोकं आणि पाय केसाळच राहतात. जंताचं औषध देऊन यात फरक पडत नाही.

गैरसमज: उन्हाळा आहे, धापणारच आणि पाणी पिणारच.

वस्तुस्थिती: पहाटेच्या गारव्यात, गार फरशीवर पडूनही तो धापत असेल तर दोष उन्हाचा नाही. पाणी मोजून बघा. सकाळी मापाने पाणी भरा, चोवीस तासांनी उरलेलं वजा करा आणि असं तीन दिवस करा. तेवढे दिवस अंगणातला हौद आणि न्हाणीतली बादली झाकून ठेवा. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १०० मिलिलिटरहून जास्त पाणी पोटात जात असेल तर ते नक्कीच जास्त आहे. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला एक लिटर. घरात लघवी करतो म्हणून पाणी तोडू नका. लघवी जास्त होते म्हणून तो पाणी पितो, ते तोडलं तर शरीर सुकेल. मधुमेहात आणि मूत्रपिंडाच्या आजारातही तहान वाढते. नसबंदी न झालेल्या मादीचं पोट फुगून तहान वाढली, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. तिला त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

गैरसमज: एकदा रक्त तपासलं की निदान होतं.

वस्तुस्थिती: नेहमीच्या तपासणीत अल्कलाइन फॉस्फेटेज बहुधा वाढलेलं दिसतं. त्यावरून संशय येतो, शिक्कामोर्तब होत नाही. कॉर्टिसॉल दिवसभर वरखाली होतं आणि दवाखान्याच्या भीतीनेही वाढतं, त्यामुळे त्याचा एकच आकडा काही सांगत नाही. म्हणून कमी मात्रेची डेक्सामेथासोन चाचणी करतात.

समजा, दहा किलोचा डॅशहंड आहे. सकाळी पहिलं रक्त घेऊन त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे फक्त ०.१ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन शिरेतून देतात. मात्रा इतकी लहान की औषध पातळ करूनच मोजावं लागतं. मग चार आणि आठ तासांनी पुन्हा रक्त. निरोगी कुत्र्याचं शरीर हे औषध ओळखून स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं थांबवतं, आणि आठव्या तासाचा आकडा साधारण १.४ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली राहतो. या डॅशहंडचे आकडे समजा ५.२, १.१ आणि ३.४ आले. आठव्या तासाला कॉर्टिसॉल पुन्हा वर आलं, म्हणून आजाराला दुजोरा मिळतो. चौथ्या तासाला ते दबलं होतं, म्हणून दोष पियुषिकेत. आकडा दबलाच नाही, तर पोटाची सोनोग्राफी करून दोन्ही ग्रंथी फुगल्यात की एकीलाच गाठ आहे, ते पाहतात.

या चाचणीत दिवस जातो. औंधहून साताऱ्याला किंवा शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जाण्याआधी ती सोय आहे का, ते फोनवर विचारून घ्या. कुत्रा दुसऱ्या एखाद्या आजाराने बेजार असेल तर चाचणी खोटी ‘होकारार्थी’ येऊ शकते, म्हणून आधी तो बरा होऊ द्यावा.

गैरसमज: खाजेच्या इंजेक्शनाचा याच्याशी काय संबंध?

वस्तुस्थिती: खाजेसाठी महिनोन्‌महिने दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या, इंजेक्शनं, कधी मलम किंवा कानातले थेंबसुद्धा हीच लक्षणं आणतात. तेव्हा ग्रंथी जोमात नसतात, उलट झोपलेल्या असतात. म्हणून स्टेरॉइड एकदम थांबवणं धोक्याचं, डॉक्टर ते हळूहळू कमी करतात. औषधांच्या सगळ्या चिठ्ठ्या सोबत न्या. अशा वेळी एसीटीएच देऊन तासाभराने कॉर्टिसॉल पाहण्याची चाचणी उपयोगी पडते.

गैरसमज: गोळ्या सुरू झाल्या की काळजी मिटली.

वस्तुस्थिती: ट्रायलोस्टेन कॉर्टिसॉल आटोक्यात ठेवतं, गाठ घालवत नाही. ते बहुधा जन्मभर, अन्नासोबत द्यावं लागतं आणि रक्त तपासत मात्रा जुळवावी लागते. मात्रा जास्त झाली तर कॉर्टिसॉल फारच घसरतं. कुशिंगचा कुत्रा सहसा अधाशी असतो, म्हणून गोळ्या चालू असताना त्याने अन्नाकडे पाठ फिरवली, उलट्या केल्या किंवा तो गळून गेला, तर पुढची गोळी देऊ नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.