मंगळसूत्रात खरं सोनं किती?

माझ्या आत्याचं मंगळसूत्र १९८१ सालचं. लेकीच्या लग्नात ते मोडून तिला पाटल्या करायच्या, असं तिने ठरवलं होतं, आणि हिशेबाला सोबत म्हणून मला नेलं. काट्यावर मंगळसूत्र भरलं २८.४०० ग्रॅम. आत्याकडे जुनी पावती जपून ठेवलेली होती आणि तिच्यावर ‘२२ कॅरट’ असं शाईने लिहिलेलं होतं. आत्याच्या मनात हिशेब तयार होता: अठ्ठावीस ग्रॅम सोनं द्यायचं आणि अठ्ठावीस ग्रॅमच्या पाटल्या घ्यायच्या. त्या दुपारी आम्ही दोघं जे शिकलो, ते जुनं सोनं मोडायला जाणाऱ्या प्रत्येकाला आधी माहीत असायला हवं.

कॅरट म्हणजे चोवीस भागांतले किती भाग सोनं, एवढंच. हा चोवीसचा आकडा फार जुना आहे. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनने रोमन साम्राज्यात ‘सॉलिडस’ नावाचं सोन्याचं नाणं चालू केलं. त्याचं वजन चोवीस ‘सिलिक्वां’इतकं होतं आणि सिलिक्वा म्हणजे कॅरब नावाच्या झाडाची बी. आपल्याकडे गुंज वापरत, तशी तिकडे ही बी वापरत. ग्रीकमध्ये तिला केराशन म्हणत, त्यावरून अरबी किरात आणि पुढे कॅरट. हिऱ्याच्या बाबतीत मात्र कॅरट हे आजही वजन आहे, ०.२ ग्रॅमचं. सोन्यात ते वजन नाही, फक्त प्रमाण आहे.

टक्के काढायचे तर कॅरटला चोवीसने भागायचं आणि शंभराने गुणायचं. अठरा कॅरट म्हणजे बरोबर ७५ टक्के. बावीस कॅरटचे ९१.६६ आणि पुढे सहाचीच रांग. दागिन्यांवर टक्क्यांऐवजी हजारात किती भाग सोनं, ते कोरलेलं असतं. म्हणून अठरा कॅरटवर ७५० आणि बावीसवर ९१६. बावीसचा खरा भागाकार ९१६ पूर्णांक दोन तृतीयांश येतो, तो अपूर्णांक सोडून दिलेला आहे. दहा ग्रॅममागे हा फरक सात मिलिग्रॅमही नसतो, त्याची काळजी करायला नको. शिक्क्यावर 22K916 असतं तेव्हा हिशेबात ०.९१६ हाच आकडा धरायचा.

मग मंगळसूत्रातलं शुद्ध सोनं किती? निव्वळ वजन गुणिले ०.९१६. सूत्र इतकं सोपं आहे आणि चूक त्यातल्या ‘निव्वळ’ या शब्दातच होते.

सराफाने आमच्यासमोर मंगळसूत्र ओवणीतून सोडवलं. काळे मणी आणि दोरा वेगळे काढून तोलले तर ते ४.२५० ग्रॅम भरले. मग त्याने वाट्या मंद आचेवर धरल्या, तशी आतून लाख पाघळून बाहेर आली. वाटीचा पत्रा पातळ असतो, तो चेपू नये म्हणून पूर्वी आत लाख भरत. ठुशी आणि कोल्हापुरी साजाच्या पोकळ मण्यांतही लाखच असते. ती १.१५० ग्रॅम निघाली. दोन्ही वजा जाता राहिले बरोबर २३ ग्रॅम. आत्याचा चेहरा तिथेच उतरला. पण हे सोनं कोणी चोरलेलं नव्हतं. ते पाच ग्रॅम कधी सोनं नव्हतंच.

आता २३ गुणिले ०.९१६ केलं तर २१.०६८ ग्रॅम शुद्ध सोनं यायला हवं. शुद्धता मोजणाऱ्या क्ष-किरणांच्या यंत्रात वाटी ठेवली, तेव्हा पडद्यावर ९१.२ टक्के आले. पावतीशी जवळपास जुळणारा आकडा. आत्याला हायसं वाटलं. सराफ म्हणाला, “ताई, हा वरवरचा आकडा आहे. वितळवल्यावर कमी येईल. आधीच सांगून ठेवतो.” त्याचं हे आधी सांगणं मला फार मोलाचं वाटतं.

मूस भट्टीत गेली, सोनं वितळलं, ढवळलं आणि त्याची छोटी लगड ओतली. वजन २२.९०० ग्रॅम. शंभर मिलिग्रॅम गेले, तो कड्यांमध्ये चाळीस वर्षं साठलेला मळ आणि उरलीसुरली लाख. लगड यंत्रात ठेवली तर आकडा आला ८७.५. म्हणजे बरोबर एकवीस कॅरट.

एकाच दागिन्याचे हे दोन आकडे कसे? त्याची दोन कारणं आहेत आणि दोन्ही समजून घेण्यासारखी आहेत. पहिलं यंत्राचं. त्याचे किरण सोन्यात अगदी पातळ थरापर्यंतच पोचतात. जुन्या पद्धतीत दागिना घडवून झाला की आम्लात उजळत. त्यात पृष्ठभागावरचं तांबं विरघळतं आणि वरचा थर आतल्यापेक्षा अधिक सोनेरी, अधिक शुद्ध होतो. यंत्र तोच थर वाचतं. वितळवून ढवळल्यावर सगळं एकजीव होतं आणि तेव्हाचं वाचन खऱ्याच्या जवळ जातं.

दुसरं कारण डाखाचं. कड्या जोडायला, वाटीच्या कडा बसवायला जे सोनं वापरतात, ते मूळ पत्र्याआधी वितळायला हवं, नाहीतर जोडता जोडता दागिनाच वितळेल. म्हणून डाखात तांबं, चांदी यांचं प्रमाण जास्त आणि सोनं कमी ठेवत. आत्याच्या मंगळसूत्राला दोन पदरी हातघडणीची साखळी होती, तिच्या कडीकडीला डाख दिलेला. हिशेब असा बसतो: २० ग्रॅम पत्रा आणि तार बावीस कॅरटची, म्हणजे १८.३२ ग्रॅम शुद्ध सोनं. ३ ग्रॅम डाख साठ टक्क्यांचा, म्हणजे १.८ ग्रॅम. एकूण २०.१२ ग्रॅम, २३ ग्रॅम वजनात. भागाकार केला तर ८७.५ टक्केच येतात. पावती लिहिणाऱ्याने पत्र्याचा कॅरट लिहिला होता, दागिन्याचा नव्हे.

इथे अनेकांची एक चूक होते. ९१.६ आणि ६० यांची सरळ सरासरी काढली तर ७५.८ येते आणि माणूस घाबरतो. पण दोन कॅरटची सोनी एकत्र होतात तेव्हा टक्क्यांची सरासरी काढायची नसते. प्रत्येकातलं शुद्ध सोनं ग्रॅममध्ये काढायचं, त्याची बेरीज करायची आणि एकूण वजनाने भागायचं. घरातली बावीसची अंगठी आणि अठराची कर्णफुलं एकत्र वितळवणार असाल, तर हीच रीत लागू पडते.

पुढे केडीएम सोन्याचा काळ आला. डाखात कॅडमियम घातलं की ९२ टक्के सोनं ठेवूनही तो लवकर वितळे, त्यामुळे शुद्धता उतरत नसे. पण कॅडमियमचा धूर कारागिराच्या फुप्फुसात जाई. म्हणून ते बंद करण्यात आलं. आज कोणी ‘केडीएम आहे’ असं कौतुकाने सांगत असेल तर ती शुद्धतेची खूण धरू नये.

आमची लगड आता २२.९०० ग्रॅम आणि ८७.५ टक्के अशी ठरली. गुणाकार केला: २०.०३७५ ग्रॅम शुद्ध सोनं. अठ्ठावीस ग्रॅमपासून निघालेला हिशेब इथे येऊन थांबला.

खरं तर तो इथे थांबायलाच हवा. त्याच दिवशी सकाळी आम्ही आणखी एका पेढीवर गेलो होतो. तिथल्या माणसाने सांगितलं होतं, “जितकं वितळेल त्यातून सहा टक्के घट धरू आणि निघेल त्या कॅरटचा भाव देऊ.” ऐकताना ते रीतसर वाटलं. हिशेब सोपा व्हावा म्हणून चोवीस कॅरटचा भाव ग्रॅमला दहा हजार रुपये धरा. आपल्या लगडीची किंमत २०.०३७५ गुणिले दहा हजार, म्हणजे २,००,३७५ रुपये. त्या पेढीच्या रीतीने २२.९०० मधून सहा टक्के गेले की २१.५२६ ग्रॅम उरतात आणि एकवीस कॅरटच्या ८,७५० रुपये भावाने त्याचे होतात १,८८,३५२ रुपये. बारा हजारांचा फरक. एकवीस कॅरटचा भाव लावला, तेव्हाच तांब्याचांदीचा भाग वजा झालेला असतो. त्यावर पुन्हा घट कापणं म्हणजे एकाच मिश्रणासाठी दोनदा पैसे कापणं. सोनं गाळायला आणि शुद्ध करायला खर्च येतो, हे मला मान्य आहे. पण तो खर्च म्हणून वेगळा सांगावा, घटीच्या नावाखाली वजनात लपवू नये.

म्हणून जुनं सोनं मोडताना माझी कळकळीची विनंती आहे: वितळवणं डोळ्यांसमोर करून घ्या आणि लगडीचे तीनच आकडे कागदावर लिहून मागा. वजन, टक्के आणि शुद्ध सोन्याचे ग्रॅम. भावाची बोलणी त्यानंतर. आकड्याबद्दल शंका असेल तर लगडीचा तुकडा हॉलमार्किंग केंद्रात अग्निपरीक्षेला देता येतो. तिथे तो शिसं आणि चांदीसोबत तापवतात, शिसं इतर धातू ओढून घेतं, मग नायट्रिक आम्लात चांदी विरघळवतात आणि उरलेलं चोख सोनं तोलतात. यात यंत्राचा अंदाज नसतो, सोनंच काट्यावर येतं.

नवा दागिना घेताना आता काम बरंच सोपं आहे. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर तीन खुणा लागतात: बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धता आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक. हा क्रमांक ‘बीआयएस केअर’ या मोबाईल ॲपमध्ये टाकला की दागिना कोणता आणि किती शुद्धतेचा, ते दिसतं. पण शिक्का शुद्धता सांगतो, खड्यांचं वजन सांगत नाही. बिलावर सोन्याचं निव्वळ वजन वेगळं लिहिलेलं आहे ना, हे आपणच पाहायचं.

आत्याने पाटल्या तिथेच करायला टाकल्या, जिथे वितळवण्याआधी खरं सांगितलं गेलं. २०.०३७५ ला ०.९१६ ने भागलं तर बावीस कॅरटचं २१.८७५ ग्रॅम सोनं तिच्या नावावर होतं. पाटल्या भरल्या २१.५०० ग्रॅम, म्हणजे १९.६९४ ग्रॅम शुद्ध सोनं. उरलेल्या ०.३४३५ ग्रॅमचे पैसे सराफाने मजुरीतून वळते केले आणि बिलावर तसं लिहून दिलं.