प्लेटचा रेट नाही, 'मिनिमम' बघा: लग्नाच्या हॉलचं कोटेशन कसं वाचायचं

अलिबागला लग्न ठरलं की पहिला प्रश्न एकच असतो, "प्लेट कितीला?" पण कोटेशनमध्ये तुमचं बिल ठरवणारा आकडा बऱ्याचदा दुसराच असतो, तो म्हणजे मिनिमम. किती पाहुणे आले याच्याशी संबंध न ठेवता इतक्या प्लेटचे पैसे द्यायचेच, असा त्याचा अर्थ.

वही काढा, एक हिशोब करू. आकडे समजण्यापुरते घेतलेत, तुमच्या कोटेशनचे आकडे त्याजागी टाका.

कोटेशन 'अ': हॉल आणि जेवण एकत्र. प्लेट 650 रुपये, मिनिमम 400. हॉलचं भाडं नाही, पण खाली बारीक अक्षरात जनरेटर 12,000 आणि साफसफाई 8,000.

कोटेशन 'ब': केटरर वेगळा, प्लेट 750 रुपये, मिनिमम 250. हॉलचं भाडं वेगळं, 40,000, त्यात लाईट-सफाई आली.

बघताक्षणी 'अ' शंभर रुपयांनी स्वस्त वाटतं ना? आता जीएसटी धरा. जेवण आणि हॉल एकाच माणसाकडून एकत्र घेतलं तर साधारण 5 टक्के लागतो. हॉल वेगळा भाड्याने घेतला तर त्या भाड्यावर 18 टक्के. (खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर घेणाऱ्या हॉटेलात जेवणावरही 18 टक्के लागतो.) आणि ज्याच्याकडे जीएसटी नंबरच नाही, त्याला तो तुमच्याकडून घेता येत नाही. म्हणून नंबर आधी मागा.

समजा 300 माणसं जेवली. 'अ' चे 400 प्लेटचे 2,60,000, वरचे 20,000 आणि जीएसटी 14,000, एकूण 2,94,000. 'ब' चं जेवण जीएसटीसह 2,36,250 आणि हॉल 47,200, एकूण 2,83,450. भागाकार करा: 'अ' माणशी 980 रुपये, 'ब' माणशी 945. स्वस्त प्लेट महाग पडली!

आता 250 च आले तर? 'अ' माणशी 1,176 वर जातं, 'ब' 976 वर थांबतं. आणि 400 आले तर 'अ' माणशी 735, 'ब' साधारण 905. म्हणजे दोन्ही कोटेशनमध्ये चांगलं-वाईट काही नाही. पलटी होते ती 313 माणसांच्या आसपास. त्याच्या खाली 'ब', वर 'अ'. तुमच्या दोन कोटेशनमधला हा आकडा काढलात की अर्धं काम झालं.

मग खरा प्रश्न: आपली माणसं किती येणार? अलिबागमध्ये यादी दोन भागांत करा. गावची, रेवदंडा-पेण भागातली माणसं एका बाजूला आणि मुंबईहून येणारी दुसऱ्या बाजूला. मुंबईकर गेटवेहून मांडव्याला लाँचने येतात किंवा वडखळमार्गे गाडीने. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात. संध्याकाळचं रिसेप्शन असेल तर शेवटची बोट पकडायची म्हणून काहीजण जेवणाआधीच निघतात. त्यामुळे गावच्या आकड्यावर भरवसा ठेवा, मुंबईच्या आकड्याला कात्री लावा. आणि मिनिमम या कापलेल्या बेरजेपेक्षा थोडं खालीच ठरवा.

घासाघीस करतानाही हेच लक्षात ठेवा. 'अ' वाल्याने प्लेटमागे 30 रुपये कमी केले तर 12,000 वाचतील. त्याऐवजी मिनिमम 400 वरून 340 केलं तर 39,000 वाचतील. समोरच्यालाही रेट पाडण्यापेक्षा मिनिमम कमी करणं कधीकधी सोपं जातं, खासकरून मुहूर्ताची गर्दी नसलेल्या दिवशी.

सही करण्याआधी चार गोष्टी लिहून घ्या. एक, मिनिममच्या वर गेलेल्या प्लेटचा रेट तोच की जास्त. दोन, अंतिम आकडा किती दिवस आधी कळवायचा. तीन, फोटोग्राफर, बँडवाले, ड्रायव्हर आणि लहान मुलं यांची प्लेट मोजायची की नाही. चार, मोजणी कशी होणार. बुफेत सगळ्यात जास्त वाद इथेच होतो. सोपा उपाय म्हणजे जेवण सुरू होण्याआधी ताटं मोजायची, संपल्यावर उरलेली कोरी ताटं मोजायची आणि दोन्ही आकड्यांवर दोघांची सही. ताटं धुऊन पुन्हा लावणार असतील तर मात्र ही पद्धत फसते. तिथे कूपन ठेवा.

हळदीच्या रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता त्याच प्लेटमध्ये आहे का, हेही विचारा. "एक प्लेट" म्हणजे बहुतेक वेळा एकच जेवण असतं.

तुमची दोन कोटेशनं घ्या, पलटीचा आकडा काढा आणि कमेंटमध्ये टाका. भेटू पुढच्या व्हिडिओत!