फरशीखालचा माल : जाडी मोजा, मग पोती मागवा

बांधकामाचा हिशेब : भाग ७

फरशीचं कोटेशन हातात आलं की आपण आधी फरशीचा दर बघतो, मग मजुरीचा. त्या दोन्हींच्या मध्ये एक ओळ असते, ‘२० एमएम बेडिंगसह’, आणि ती कोणी वाचत नाही. काम सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी मिस्त्री सांगतो, सिमेंट संपलं, अजून दोन पोती लागतील. सिमेंट कोणी पळवलेलं नसतं. ते फरशीखाली गेलेलं असतं, कारण तिथली जाडी २० मिलिमीटर नव्हतीच. या आठवड्यात त्या जाडीचा हिशेब करू.

त्यासाठी एकच गोष्ट लक्षात ठेवायची आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर जाडीचा थर दिला, तर त्याला बरोबर एक लिटर माल लागतो. म्हणजे २० मिलिमीटरच्या बेडला चौरस मीटरमागे २० लिटर आणि ३५ मिलिमीटरच्या बेडला ३५ लिटर. ज्यांचं डोकं फुटात चालतं त्यांच्यासाठी ब्रास सोयीचा आहे. शंभर चौरस फुटांवर एक फूट उंच वाळू पसरली की एक ब्रास होतो, म्हणून एक इंच थर म्हणजे ब्रासचा बारावा भाग.

पण हा २० लिटर माल ओला आणि दाबून बसवलेला असतो. आपण विकत घेतो ते कोरडं सिमेंट आणि सुटी वाळू. वाळूच्या कणांमध्ये पोकळ्या असतात. पाणी घालून कालवलं की सिमेंटची भुकटी त्या पोकळ्यांत शिरते, कण जवळ येतात आणि माल आटतो. एक घमेलं सिमेंट आणि चार घमेली वाळू मिळून पाच घमेली होतात, पण कालवलेला माल भरतो जेमतेम पावणेचार. म्हणून ओल्या मालाला १.३३ ने गुणून कोरड्याचा आकडा काढायचा. २० लिटर ओल्या मालासाठी साधारण २६.६ लिटर कोरडा माल लागेल. एकास चार या प्रमाणात त्याचे पाच भाग केले, तर ५.३ लिटर सिमेंट आणि २१.३ लिटर वाळू होते. सिमेंट लिटरला १.४४ किलो धरतात, म्हणजे चौरस मीटरमागे ७.७ किलो. ५० किलोचं पोतं सुमारे ३५ लिटरचं असतं, हेही यातूनच कळतं. हाच हिशेब सुटसुटीत करून ठेवायचा तर असा: एकास चारच्या मालात जाडीच्या दर मिलिमीटरला चौरस मीटरमागे ३८० ग्रॅम सिमेंट आणि एक लिटरभर वाळू.

यात एक खर्च हमखास सुटतो. बेडवर फरशी बसवण्याआधी सिमेंटची स्लरी ओततात. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दर्जा-नियमांत सिरॅमिक फरशीसाठी ही स्लरी चौरस मीटरला ३.३ किलो सिमेंट या दराने धरलेली आहे आणि ती मधासारखी दाट असावी असं म्हटलं आहे. म्हणजे २० मिलिमीटरच्या बेडला सिमेंट ७.७ नव्हे, एकूण ११ किलो लागतं. ‘बेडचं सिमेंट काढलं होतं, तरी कमी पडलं’ या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथे सापडतं. त्याच नियमांत बेडची जाडी सरासरी २० मिलिमीटर दिली आहे आणि फरशीखाली कुठेही ती १० मिलिमीटरच्या खाली जाऊ नये अशी अट आहे. यातला ‘सरासरी’ हा शब्द महत्त्वाचा. स्लॅब कधीच एका पातळीत नसतो. खोलीचा एक कोपरा वर असतो, एक खाली, मध्येच शटरिंगच्या प्लेटचा झोळ असतो, कुठे वायरिंगचे पाइप आडवे गेलेले असतात. कोटेशनमध्ये मात्र २० एमएम हा जणू सगळीकडचा आकडा म्हणून येतो.

आता एक खोली घेऊ, ३.६ बाय ३ मीटरची, म्हणजे १०.८ चौरस मीटर. तिथे ६०० बाय ६०० ची, ९ मिलिमीटर जाडीची व्हिट्रिफाइड फरशी बसवायची आहे. मिस्त्री आधी पाण्याच्या नळीने किंवा लेझरने चारही भिंतींवर मीटर लेव्हलची रेघ मारतो, म्हणजे तयार फरशीच्या माथ्यापासून एक मीटर वर. तयार फरशी किती उंचीवर येणार हे दाराच्या उंबरठ्यावरून आणि बाहेरच्या हॉलच्या फरशीवरून ठरलेलं असतं, त्यात आपल्याला फारसं काही करता येत नाही. मग दोरी ताणून खोलीत नऊ ठिकाणी रेघेपासून स्लॅबपर्यंतचं अंतर टेपने मोजायचं. समजा मिलिमीटरमध्ये आकडे आले १०२८, १०३५, १०४२, १०३०, १०४४, १०५०, १०३८, १०४७ आणि १०५५. प्रत्येकातून हजार वजा करून सरासरी काढली की ४१ मिलिमीटर येते. त्यातून फरशीची ९ मिलिमीटर जाडी वजा केली की बेडची सरासरी उरते ३२. सगळ्यात उंच जागी बेड १९ मिलिमीटरचा आणि सगळ्यात खोल जागी ४६ चा. नऊ मोजमापांना पंधरा मिनिटंही लागत नाहीत, आणि कोटेशनमधले वीस आता बत्तीस झाले आहेत.

पुढचं सोपं आहे. ३२ लिटर गुणिले १०.८ म्हणजे ३४६ लिटर ओला माल, कोरडा ४६० लिटर. एकास चारमध्ये सिमेंट ९२ लिटर, म्हणजे १३२ किलो, आणि वाळू ३६८ लिटर, म्हणजे १३ घनफूट. स्लरीचं ३६ किलो मिळवलं की सिमेंट १६८ किलो होतं, म्हणून चार पोती मागवायची. हीच खोली २० मिलिमीटर धरून काढली असती तर सिमेंट ११९ किलो आलं असतं आणि तीन पोत्यांत भागलं असतं, वाळू आठ घनफुटांत. एका खोलीत एका पोत्याचा फरक, मग तीन खोल्या, हॉल आणि स्वयंपाकघर मिळून किती होतो ते तुम्हीच बघा. मजुरीने दिलेल्या कामात सामान मालकाचं असतं. जाड बेडचा मिस्त्रीला तोटा नसतो, उलट फरशी लेव्हलला आणणं सोपं जातं. म्हणून हा आकडा मालकानेच काढून ठेवावा.

वाळूच्या मोजणीत अजून एक फसगत आहे. ओलसर वाळू फुगते. कणांभोवती पाण्याचा पातळ थर बसतो, कण एकमेकांपासून लांब राहतात आणि तेवढीच वाळू जास्त जागा घेते. नदीची असो वा क्रश सँड, थोडी ओली असली की वीस-पंचवीस टक्के फुगवटा सहज येतो. तो घरच्या घरी बघता येतो. काचेच्या सरळ बरणीत ओलसर वाळू २० सेंटिमीटर उंच भरा, वर पाणी येईल इतकं ओतून ढवळा आणि बसू द्या. वाळू १६ सेंटिमीटरवर बसली, तर फुगवटा २५ टक्के. आपल्या खोलीला १३ घनफूट कोरडी वाळू लागते, ती ओली असेल तर मोजून सव्वासोळा घनफूट घ्यावी लागेल. वर सांडलवंडीचे पाच-सात टक्के. मिस्त्री ओली वाळू चार घमेली टाकतो तेव्हा खरी वाळू ३.२ घमेलीच पडते. माल कमजोर होत नाही, उलट तिखट होतो, पण प्रत्येक घाण्यात माल कमी निघतो, घाण्यांची संख्या वाढते आणि सिमेंट अंदाजाच्या पुढे जातं.

तिखट माल म्हणजे चांगला माल, असा समज मात्र इथे सोडून द्यावा. जाड थरात सिमेंट जास्त झालं की सुकताना तो जास्त आकसतो. ४६ मिलिमीटरच्या खोल जागेत माल एकदम टाकला, तर तो बसतानाही शेजारच्या १९ मिलिमीटरच्या जागेपेक्षा जास्त खचतो. काल पाटा लावून सपाट केलेल्या फरशीचे कोपरे आज नखाला लागतात, त्यामागे पुष्कळदा हेच असतं. म्हणून खोल भाग आदल्या दिवशी एकास सहाच्या मालाने भरून, खरबरीत ठेवून, दाबून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी वर एकसारखा २०-२२ मिलिमीटरचा बेड घालायचा. सरासरी पन्नासच्या वर जात असेल तर मालाचा नाद सोडून बारीक खडीचा कोबा करावा. स्वस्त पडतो आणि कमी आकसतो.

वजनही बघावं लागतं. माल लिटरला सुमारे दोन किलो भरतो, म्हणजे दर मिलिमीटरला चौरस मीटरमागे दोन किलो. आपल्या खोलीत २० ऐवजी ३२ मिलिमीटर बेड झाला की स्लॅबवर अडीच क्विंटलहून जास्त भार वाढतो. नव्या स्लॅबला तो जाणवणार नाही. फरशी आणि बेड मिळून चौरस मीटरला १०० ते १५० किलो डिझाइनमध्ये सहसा धरलेलेच असतात. पण जुन्या फ्लॅटमध्ये जुनी फरशी न काढता तिच्यावर पुन्हा माल घालून नवी बसवली, तर जुना ३२ चा बेड, नवा २० चा आणि दोन फरश्या मिळून १४० किलोच्या पुढे जातं. तिथे तीन ते सहा मिलिमीटर जाडीचं अॅडहेसिव्ह वापरा, नाहीतर जुनी फरशी उचला.

आता बेड बरोबर झाला की नाही, हे कसं ओळखायचं? आपल्याकडे व्हिट्रिफाइड फरशी बहुतेक ठिकाणी अर्धओल्या मालावर बसवतात. माल मुठीत दाबला तर गोळा व्हावा, पण हाताला पाणी लागू नये. तो पसरून थापीने दाबायचा, फरशी कोरडीच ठेवून रबरी हातोड्याने लेव्हलला आणायची आणि मग उचलायची. उचलल्यावर खालच्या मालाकडे नीट बघा. जिथे फरशी टेकली तिथे माल गुळगुळीत दबलेला दिसतो, जिथे टेकली नाही तिथे दाणेदार. त्या दाणेदार जागी माल भरून मगच स्लरी ओतायची. व्हिट्रिफाइड फरशी अर्धा टक्क्याहूनही कमी पाणी शोषते, त्यामुळे स्लरीशिवाय ती मालाला धरत नाही. स्लरीऐवजी बेडवर कोरडी सिमेंटची भुकटी भुरभुरणारा मिस्त्री दिसला, तर काम तिथेच थांबवा. पहिल्या दोन-तीन फरश्या बसल्याबरोबर परत उचलायला लावा. पाठीवर चारही कोपऱ्यांपर्यंत सिमेंट चिकटलेलं असावं. मध्येच गोल ठिपका आणि कोपरे कोरडे असतील, तर पुढे कपाटाचा पाय नेमका त्याच कोपऱ्यावर येतो आणि फरशी तडकते.

आठवडाभराने लाकडी दांड्याने ठोकून बघा. भरीव फरशीचा आवाज बारीक आणि कडक येतो, पोकळ असेल तर ढब्ब. पोकळ कोपरा त्याच वेळी बदलून घ्यावा, सांधे भरल्यानंतर शेजारची फरशी न दुखावता काढणं अवघड होतं. तेव्हा मिस्त्रीचं शेवटचं बिल ठोकून झाल्यावरच द्या.

बाथरूमचा हिशेब यात मुद्दाम घेतला नाही. तिथे जाडी उताराने बदलते: २.४ मीटर लांबीत ऐंशीस एक उतार दिला तरी एका टोकाला ३० मिलिमीटर जास्त माल बसतो. त्याबद्दल पुढच्या आठवड्यात.