परीक्षेच्या दिवसांत कँटीनमध्ये वडे आणि कोल्ड्रिंकच का?

‘मा. संपादक, स.न.वि.वि.

माझी मुलगी दहावीत आहे. शाळेत पूर्वपरीक्षा सुरू आहे. सकाळी पेपर आणि दुपारी जादा तास, त्यामुळे ती संध्याकाळीच घरी येते. एरवी कँटीनमध्ये पोहे, इडली, कधी मिसळ तरी मिळते. परीक्षा सुरू झाल्यापासून तिथे वडापाव, समोसा, वेफर्स आणि कोल्ड्रिंक यांपलीकडे काही नाही. मुलांना अन्नाची सर्वांत जास्त गरज असते त्याच दिवसांत हे का? शाळांमध्ये असे पदार्थ विकण्यावर बंदी आहे असे ऐकले होते. मग ही बंदी कुठे गेली?

– एक पालक’

वर्तमानपत्राच्या वाचकांच्या पत्रांत शोभेल असं हे नमुन्याचं पत्र आहे. त्यातला प्रश्न मात्र कुठल्याही गावातल्या पालकाला पडावा असाच आहे. त्याला सहसा ‘मुलांना तेच आवडतं’ किंवा ‘सरकारचं लक्ष नाही’ असं उत्तर मिळतं. दोन्हींत थोडं तथ्य आहे, पण पोहे नेमके परीक्षेतच का गायब होतात, हे दोन्हींतून कळत नाही. त्यासाठी कँटीन कसं चालतं ते पाहावं लागतं.

शाळेचं कँटीन बहुधा ठेकेदाराकडे असतं. शाळा जागा देते, ठेकेदार भाडं देतो. समजा, भाडं महिना वीस हजार आहे आणि महिन्यात शाळेचे दिवस चोवीस. म्हणजे रोज सुमारे 830 रुपये नुसते भाड्यापोटी निघायला हवेत. त्यावर गॅस, माणसं आणि माल. ही सगळी कमाई वीस-पंचवीस मिनिटांच्या मधल्या सुट्टीत करायची असते. खिडकीवर एकाच वेळी शे-दोनशे मुलं असतात. अशा वेळी वडापाव कागदात गुंडाळून दिला की काम झालं. उसळीला वाटी लागते, पोह्यांना बशी आणि चमचा लागतो, मग ते गोळा करून धुवायला माणूस आणि पाणी लागतं. कोल्ड्रिंकला तेवढेही कष्ट नाहीत. बाटली महिनोन्‌महिने टिकते, किंमत वर छापलेली असते, आणि पुष्कळदा थंड करायचा फ्रिजही कंपनीचा वितरकच आणून ठेवतो. त्या फ्रिजमध्ये मग त्याच कंपनीचा माल ठेवावा लागतो.

आता परीक्षा येते. एका दिवशी दहावीचा पेपर, दुसऱ्या दिवशी फक्त पाचवी ते सातवी. कुणी अकराला सुटतं, कुणी दोनला. काही मुलं थेट घरी जातात, काही जादा तासांना थांबतात. आज किती मुलं खाणार, याचा अंदाज ठेकेदाराला बांधता येत नाही. पातेलंभर पोहे केले आणि निम्मे उरले, तर तो तोटा त्याच्या खिशातून जातो. वड्यांचं सारण तयार ठेवून गिऱ्हाईक येईल तसे पाच-पाच वडे तळता येतात. वेफर्स आणि बाटल्या तर उद्याही विकता येतात. त्यातच फेब्रुवारी-मार्चचं ऊन सुरू झालेलं असतं. म्हणून परीक्षेत कँटीन तळणाकडे आणि पाकिटांकडे झुकतं. पत्रातल्या ‘का’चं खरं उत्तर हे आहे. ठेकेदाराला मुलांचं वाईट चिंतायचं नसतं. त्याच्या कराराने सगळी जोखीम त्याच्यावर टाकलेली असते आणि मुलांनी काय खावं, याबद्दल त्या करारात एक ओळही नसते.

बंदी मात्र खरोखर आहे. महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने मे 2017 मध्ये शासन निर्णय काढून जास्त चरबी, मीठ आणि साखर असलेले पदार्थ शाळेच्या कँटीनमध्ये विकू नयेत, असं सांगितलं. पुढे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, शाळकरी मुलांच्या आहाराबद्दल खास नियम केले. ते सप्टेंबर 2020 मध्ये प्रसिद्ध झाले आणि 1 जुलै 2021 पासून लागू झाले. संपृक्त किंवा ट्रान्स चरबी, वरून घातलेली साखर किंवा सोडियम जास्त असलेले पदार्थ शाळेच्या कँटीनमध्ये, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आणि शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरच्या आत मुलांना विकता येत नाहीत. कँटीन ठेक्याने दिलं असलं, तरी ठेकेदाराकडे परवाना किंवा नोंदणी आहे याची खात्री शाळेनेच करायची असते.

अडचण अंमलबजावणीत आहे. वडापाव, समोसा अशी नावं घेऊन केंद्राचा नियम बोलत नाही. त्यामुळे ‘आमचा वडा घरगुती आहे, तो यात मोडत नाही’ असा वाद घालायला जागा राहते. तपासणी करायची ती अन्न व औषध प्रशासनाच्या अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांनी, आणि त्यांच्याकडे हॉटेलं, डेअऱ्या, मिठाईची दुकानं, कारखाने सगळंच असतं. शाळेचं कँटीन त्या यादीत क्वचितच वर येतं. तक्रार आल्याशिवाय तिथे कुणी फिरकत नाही.

आता मुलांच्या पोटाकडे वळू. एक वडापाव खाल्ला म्हणून कुणी नापास होत नाही, आणि पालकांनी तशी भीती मुलांना घालूही नये. प्रश्न परीक्षेच्या आठवड्यात रोज तेच खाण्याचा आहे. तळलेला पदार्थ जठरातून हळूहळू पुढे सरकतो. पेपरच्या अर्धा तास आधी दोन समोसे खाल्ले, तर पेपर लिहिताना पोट जड राहतं, काहींना जळजळ होते, आणि मिठामुळे तहान लागते. तेल वारंवार तापवलेलं असेल तर हा त्रास वाढतो. तळणीच्या तेलातले विघटित घटक 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरू नये, असा नियम जुलै 2018 पासून आहे. ते मोजायचं यंत्र मिळतं, पण पालकाला डोळ्यांनी आणि नाकानेही बरंच कळतं. कढईतलं तेल काळपट आणि दाट झालं असेल, वडा टाकल्यावर बारीक फेस येऊन तो जिरत नसेल, वास उग्र येत असेल आणि तेल लवकर धुरकटत असेल, तर ते कालचं किंवा परवाचं आहे असं समजावं. त्यात ताजं तेल ओतलं तरी जुनं तेल शुद्ध होत नाही.

गोड पेयाचा हिशेब बाटलीवरच असतो. शंभर मिलिलिटरमागे साखर किती, ते मागच्या तक्त्यात छापलेलं असतं. कोलासारख्या पेयात ती साधारण साडेदहा ग्रॅम असते. म्हणजे 300 मिलिलिटरच्या बाटलीत 31-32 ग्रॅम, सहा-सात चमचे. वरून घातलेल्या साखरेतून दिवसभराच्या उष्मांकाच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी, आणि जमल्यास पाच टक्क्यांच्या आत उष्मांक यावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दोन हजार उष्मांकांच्या आहारात पाच टक्के म्हणजे 25 ग्रॅम. एका बाटलीत ती मर्यादा ओलांडली जाते, आणि घरचा चहा, बिस्किटं अजून बाकीच असतात.

‘पण साखरेने तरतरी येते ना?’ हा समज मुलांत पक्का आहे. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात 31 अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले गेले. साखर आणि तत्सम कर्बोदकं घेतल्याने मन प्रसन्न झाल्याचं त्यात दिसलं नाही. उलट, पहिल्या तासाभरात थकवा जास्त आणि सतर्कता कमी आढळली.

सर्वांत जास्त काळजी मात्र एनर्जी ड्रिंकची करायला हवी. जागरण करणारी मुलं हीच पेयं शोधतात. आपल्याकडच्या नियमांनुसार अशा पेयात लिटरमागे 300 मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन असू शकतं, म्हणजे 250 मिलिलिटरच्या डब्यात 75 मिलिग्रॅमपर्यंत. लहान मुलांसाठी हे पेय योग्य नाही, अशी सूचना डब्यावर छापणं बंधनकारक आहे. कॅफीन निम्म्याने कमी व्हायला प्रौढ शरीरात साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी पाचच्या जादा तासाला घेतलेलं पेय रात्री दहा वाजताही निम्मं अंगात असतं. मूल उशिरा झोपतं, सकाळी मरगळलेलं उठतं, आणि पुन्हा तेच पेय मागतं.

मग पत्रलेखक पालकाने काय करावं? पत्र छापून आणावंच, पण त्यात तपशील भरावेत. कोणत्या तारखेला काय विकायला होतं, किंमत काय होती, परवान्याचा चौदा आकडी क्रमांक भिंतीवर लावला होता का, हे लिहिलं की संपादकही ते पत्र गंभीरपणे घेतात आणि प्रशासनालाही उत्तर द्यावं लागतं. बोर्डाचं परीक्षा केंद्र पुष्कळदा दुसऱ्याच शाळेत असतं, म्हणून आपल्या शाळेकडे मागणी करताना पूर्वपरीक्षा, सत्र परीक्षा आणि जादा तासांचे दिवस स्पष्ट लिहावेत. शाळेने ऐकलं नाही, तर अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा एफएसएसएआयच्या फूड सेफ्टी कनेक्ट या ॲपवर तक्रार करता येते.

त्याहून उपयोगी गोष्ट म्हणजे पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत कँटीनचा करार दाखवायला सांगणं. जूनमध्ये नवं वर्ष सुरू होण्याआधी त्यात तीन अटी घालून घ्याव्यात. पहिली, गोड पेयं आणि एनर्जी ड्रिंक शाळेच्या आवारात विकायची नाहीत आणि कंपनीचा फ्रिज ठेवायचा नाही. दुसरी, परीक्षेच्या दिवसांत कोणत्या वर्गाची किती मुलं किती वाजेपर्यंत थांबणार, हे शाळेने ठेकेदाराला आदल्या दिवशी कळवायचं. मुलांनी सकाळी कूपन घेतलं तर हा आकडा नेमका मिळतो, आणि पोहे उरण्याची भीती जाते. तिसरी, परीक्षेच्या महिन्याचं भाडं कमी करायचं आणि त्या बदल्यात इडली, उपमा, उसळ-पोळी, केळी, ताक यांपैकी निदान दोन गोष्टी रोज मिळतील अशी हमी घ्यायची. चटणी-पोळीची किंवा भाजी-पोळीची गुंडाळी केली, तर तीही वडापावाइतक्याच झटपट हातात देता येते आणि बशी धुवावी लागत नाही.

शाळेला भाड्यातले थोडे पैसे सोडावे लागतील, हे खरं आहे. मुलं रोज दिवसभर ज्या संस्थेच्या ताब्यात असतात, तिने तेवढं सोडायलाच हवं. पालकांनीही मार्चची वाट न पाहता एप्रिल-मे महिन्यांतच हा विषय बैठकीत मांडावा, कारण एकदा करारावर सह्या झाल्या की पुढचं वर्षभर वडे आणि कोल्ड्रिंकच मिळणार.